टेप कुठे घासली आहे, ते आधी बघतो
आमची वाटचाल: सदाशिव पेठेतली एक व्हिडिओ लायब्ररी

आम्ही दोघा भावांनी १९८६ साली लायब्ररी सुरू केली, ती वाड्याच्या पुढच्या खोलीत. एशियाडनंतर घराघरांत रंगीत टीव्ही येऊ लागले होते, पण व्हीसीआर मोजक्याच घरांत होता. त्यामुळे सुरुवातीला आम्ही कॅसेटींपेक्षा व्हीसीआरच जास्त भाड्याने देत असू. शनिवारी संध्याकाळी मशीन रिक्षात घालून पोचवायचं, जोडून द्यायचं आणि रविवारी दुपारी परत आणायचं. दादा हिशेब आणि माल बघायचा. मशीन उघडणं, हेड साफ करणं, तुटलेली टेप जोडणं ही कामं माझ्याकडे आली आणि आजतागायत माझ्याकडेच आहेत.

लायब्ररीवाल्याचं काम कॅसेट देणं-घेणं एवढंच, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात आमच्या काउंटरवर रोज एक निवाडा व्हायचा. घरात टीव्ही एक, संध्याकाळ एक, पैसे एकाच सिनेमाचे आणि बघणारे पाच जण. ठरवून येणारी माणसं फार कमी असायची. बहुतेक जण वाद अर्धवट सोडून यायचे आणि उरलेला आमच्यासमोर पुरा करायचे. त्यातला एक वाद सविस्तर सांगतो, कारण पुढे आमचा धंदा ज्या रस्त्याने गेला तो मला त्या शनिवारी दिसला.

साल १९९९. शेल्फवर कॅसेटींच्या शेजारी व्हीसीडी येऊन बसल्या होत्या. नारायण पेठेतले एक आजोबा, वय सत्तरीचं, आणि त्यांचा चौथी-पाचवीतला नातू हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला दोघे यायचे. त्या दिवशी मुलगा पायरी चढतानाच म्हणाला, "काका, टायटॅनिक आहे का?"

आजोबांनी त्याचं बोलणं संपूही दिलं नाही. "आज आपलं शेजारी ठरलंय. अहो, ती कॅसेट आहे ना जागेवर?"

"ठरलं नव्हतं! तुम्ही एकट्याने ठरवलंत."

"गेल्या शनिवारी तुझ्या मनासारखं घेतलं, आज माझी पाळी."

"पण आजोबा, तो ब्लॅक अँड व्हाइट आहे. म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळत बसतात. मला आईने सांगितलंय."

मी टायटॅनिक खाली काढला. सिनेमा ३ तास १४ मिनिटांचा, आणि एका व्हीसीडीवर फार तर ८० मिनिटं बसतात, म्हणजे डिस्क तीन. त्यांच्याकडे व्हीसीआर होता, व्हीसीडी प्लेअर नव्हता. डिस्कचे वीस रुपये, प्लेअरचं पंचाहत्तर रुपये भाडं, वर अनामत. साडेसहाला लावला, दोनदा डिस्क बदलली आणि मध्ये जेवणं झाली, तर साडेदहा वाजणार. आजोबा दहाला झोपायचे. शेजारी अडीच तासांच्या आत संपतो, एकाच कॅसेटवर आहे आणि भाडं दहा रुपये. हे सगळं मी दोघांना सांगितलं. ते आमचं कामच होतं. पण हिशेबाने लहान मुलाचं मन वळत नाही, हे मला दिसत होतं.

"तुला टायटॅनिकमध्ये नेमकं काय बघायचंय?" मी विचारलं.

"पाणी. जहाजात पाणी कसं घुसतं ते. वर्गातल्या सगळ्यांनी बघितलंय."

आजोबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणी बघायचंय होय? अरे, शेजारीत शेवटी धरण फुटतं."

"खरंच? फुटताना दाखवलंय?"

"दाखवलंय म्हणजे काय! मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेन, १९४१ साल. पडद्यावर धरण फुटलं आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाय वर घेतले. मीही घेतले. आणि पुढे वीस वर्षांनी खरं धरण फुटलेलं याच डोळ्यांनी पाहिलं. पानशेत. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. आपलं सगळं घर गच्चीवर होतं, तुझा बाबा तेव्हा पाळण्यात होता."

मुलगा काउंटरला रेलून ऐकत होता. पानशेतचं त्याने घरात ऐकलं असणारच, पण सिनेमाशी त्याची गाठ कुणी घालून दिली नव्हती. तरी त्याने हट्ट सोडला नाही. "ते कॉम्प्युटरवर केलंय का?"

"१९४१ साली कॉम्प्युटर कुठून आणायचा? छोटं धरण बांधून फोडलं. इथेच आपल्या पुण्यात, प्रभातमध्ये. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात गेलो होतो ना आपण, तेच प्रभात."

इथे मी मध्ये बोललो, कारण मुलाचा चेहरा पडला होता. छोटं म्हणजे खोटं, असं त्याला वाटलं असावं. मी त्याला सांगितलं की टायटॅनिकसाठीसुद्धा मेक्सिकोत जवळजवळ पूर्ण आकाराचं जहाज उभारलं होतं, पण बऱ्याच दृश्यांत साधारण १४ मीटर लांबीचं छोटं जहाज वापरलंय. म्हणजे युक्ती तीच, फक्त मधे छप्पन्न-सत्तावन्न वर्षं गेली. यावर तो म्हणाला, "मग दोन्ही बघायला पाहिजेत."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी त्याच्याशी मोठ्या माणसाशी करतात तसा करार केला. आज शेजारी, आणि पुढच्या शनिवारी टायटॅनिक, प्लेअरच्या भाड्यासकट, शेवटच्या डिस्कपर्यंत आजोबा जागे राहणार. नातवाची अट एकच होती: धरण फुटेल तेव्हा रिमोट त्याच्या हातात. दोघांनी माझ्यासमोर मान्य केलं आणि मी कॅसेट रजिस्टरला लावली.

रविवारी संध्याकाळी कॅसेट परत आली ती रिवाइंड न करता. आमच्याकडे त्याला दोन रुपये दंड होता. मी तो घेतला नाही, कारण टेप कुठे थांबली आहे ते मला बघायचं होतं. खिडकीतून पाहिलं तर जवळजवळ सगळी टेप उजवीकडच्या चाकावर गेलेली. दुकानातल्या मशीनवर लावली. धरणाच्या प्रसंगाच्या थोडी पुढे थांबलेली होती. थोडी मागे घेऊन चालवली, तर नेमक्या तेवढ्या भागात चित्रावर पांढरे ठिपके चमकत होते. अलीकडे-पलीकडे चित्र स्वच्छ.

हे कशाने होतं ते सांगतो. व्हीसीआरमधला हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि टेपला टेकूनच फिरतो. टेप पुढे सरकत असते तोवर झीज सगळीकडे सारखी पडते. पॉज केलं की टेप थांबते, ड्रम मात्र फिरतच राहतो, आणि टेपच्या त्याच तुकड्यावरचा चुंबकीय लेप घासला जातो. म्हणूनच बहुतेक मशीन काही मिनिटांनी पॉज आपोआप सोडून देतात. लेप जिथे उडाला तिथे सिग्नल मिळत नाही आणि पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. आवाज वेगळ्या, स्थिर हेडवरून टेपच्या कडेने येतो, त्यामुळे तो पुष्कळदा ठीक राहतो. एका रात्रीत एवढी झीज होत नाही. आधीची किती घरं त्याच ठिकाणी थांबली असतील! मुलाने शेवटचा हात फिरवला इतकंच.

"किती वेळा बघितलं रे?" मी विचारलं.

तो आजोबांकडे बघत म्हणाला, "आजोबाच म्हणत होते, परत लाव." मग त्याने मलाच विचारलं, "काका, शेजारीतले ते दोघं म्हातारे मित्र भांडले नसते तर वाचले असते का?" मी आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, त्यावर आमचं कालपासून चाललंय.

पुढच्या शनिवारी ते ठरल्याप्रमाणे टायटॅनिक आणि प्लेअर घेऊन गेले.

मी मात्र त्या आठवड्यात शेल्फवरच्या जुन्या मराठी कॅसेटी एकेक करून मशीनवर लावल्या आणि कुठे घासल्या आहेत ते रजिस्टरात लिहायला लागलो. कॅसेटच्या नावापुढे प्रसंग आणि मिनिट. गिऱ्हाइकांनी तोंडाने कधीच सांगितलं नव्हतं असं बरंच त्यात निघालं. ज्या सिनेमांना विनोदी म्हणून मागणी असायची, त्यांतल्या काहींत घासलेला भाग रडण्याचा होता. घरात एकमत होत नसलं की आम्ही तेव्हापासून सिनेमाचा प्रकार विचारणं सोडलं आणि "आज काय बघावंसं वाटतंय?" असं विचारू लागलो. पाणी, लग्न, जुनं पुणं, कोर्टातली उलटतपासणी, काहीही. रजिस्टर बघून कॅसेट काढून द्यायची. दादाला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला, पण रिकाम्या हाताने परत जाणारी घरं कमी झाली, हे त्याच्याच वहीत दिसलं.

धंदा पुढे कसा उतरला ते थोडक्यात सांगतो, त्यात नवीन काही नाही. २००७ च्या सुमारास बाजारात २८ रुपयांना नवीकोरी व्हीसीडी मिळू लागली. वीस रुपये भाडं देऊन दुसऱ्या दिवशी परत कोण आणून देणार? नंतर इंटरनेट. आसपासच्या लायब्रऱ्यांनी कॅसेटी किलोवर भंगारात घातल्या. आम्ही घातल्या नाहीत, कारण टेप ओळखायची, वाचायची आणि सांधायची सवय हातात होती. लायब्ररी बंद केली आणि त्याच खोलीत लोकांच्या घरच्या कॅसेटी डिजिटल करून द्यायचं काम सुरू केलं. लग्न, मुंज, आजीचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम, कुणाच्या नाटकाची तालीम.

या कामात पुण्याचा पावसाळा हा मुख्य शत्रू. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये अजिबात लावू नका. बुरशी ड्रमवर जाते, हेड बंद पडतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आम्ही पाच स्क्रू काढून कवच उघडतो, टेप सिलिका जेलच्या डब्यात कोरडी करतो, मग मऊ कापडाच्या दोन पट्ट्यांमधून ती हळूहळू पूर्ण फिरवतो. त्यासाठी एक जुनं मशीन वेगळंच ठेवलंय, त्यावर काहीही रेकॉर्ड किंवा प्ले होत नाही. तुटलेली टेप सेलोटेपने जोडलेली असेल तर तो तुकडा आधी काढावा लागतो, कारण सेलोटेपचा गोंद पाझरून हेडला चिकटतो. जोडाची पट्टी वेगळी मिळते, ती टेपच्या मागच्या बाजूला लावायची, लेपाच्या बाजूला कधीच नाही. जोडाच्या जागी चित्र क्षणभर फाटतं, त्याला इलाज नाही. आणि तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. वेग वाढवून हे काम होत नाही.

कॅसेट घेताना आम्ही आजही एक प्रश्न विचारतो: यातलं सगळ्यांत जास्त काय बघितलं जायचं? कुणी सांगतं सप्तपदी, कुणी सांगतं वडिलांचं भाषण, कुणाच्या घरात कुत्रा पंगतीत शिरतो ते. जुन्या टेपचा पहिला फेराच सगळ्यांत चांगला मिळतो, पुढच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा लेप झडतो. म्हणून तो भाग यायच्या आधी मी मशीन थांबवतो, हेड पुन्हा साफ करतो, ट्रॅकिंग हाताने जुळवतो आणि तिथपासून पुढे टेप संपेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.