तुम्ही विचारलंत म्हणून: चकार दिसला की आमन्त लिट्?

"सर, संस्कृत उताऱ्यात आम् वाला लिट्, तो परोक्ष भूतकाळ, ओळखायचा म्हणजे शेवटी चकार, आस नाहीतर बभूव बघायचं, एवढंच ना?"

नाही. आणि हे मी परभणीत क्लास सुरू केल्यापासून दर वर्षी सांगू लालोय, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाचा तरी हाच मेसेज येतोच. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

शेवट बघू नका, त्याच्या आधीचं बघा. चकार तर "मालां चकार" मध्येही आहे, तिथं कुणीतरी हार केला, संपलं. "कथयाञ्चकार" मध्ये कुणी काही "केलं" नाही, तिथं अर्थ सगळा कथ् धातूचा आहे आणि कृ फक्त लकार, पुरुष आणि वचन उचलायला आलाय. धातू णिजन्त किंवा दहाव्या गणातला असला की त्याचं द्वित्व करून लिट् होत नाही, मग आम् लावतात आणि मागं कृ, भू किंवा अस् चं लिट् जोडतात, हाच अनुप्रयोग. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं ते हे की या णिजन्त रूपांत "याम्" च्या आधी ऱ्हस्व अ असतो: कथ-याम्, दर्श-याम्, स्थाप-याम्. आणि आकारान्त स्त्रीलिंगी नामाच्या सप्तमीत तिथं दीर्घ आ असतो: सभा-याम्, कथा-याम्. म्हणजे "कथयामास" म्हणजे सांगितलं, आणि "कथायामास" म्हणजे कथेत होता. एका काना-मात्रेचा फरक, आणि पोरं नेमकी तीच गिळतात. छपाईतल्या जागेवर तर अजिबात भरवसा ठेवू नका, संपादयांचक्रुः, संपादयाञ्चक्रुः, संपादयां चक्रुः अशा सगळ्या तऱ्हा पुस्तकांत सापडतात.

इथवर सोपं आहे, आणि बरीच वर्षं मी इथंच थांबायचो. थांबलो नसतो तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

तेव्हा मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो. अंतर्गत परीक्षेला छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातल्या अकराव्या खंडाचा सुरुवातीचा भाग दिला, ते पाच मोठे गृहस्थ आत्मा काय नि ब्रह्म काय म्हणून एकत्र जमतात, मग उद्दालकाकडं जातात, तो. प्रश्न: आमन्त लिट् ची रूपं शोधा, मार्क तीन. माझ्या उत्तरात तीन रूपं होती. "समेत्य मीमांसां चक्रुः" मधलं एक, लगेच पुढचं "ते ह संपादयाञ्चक्रुः" दुसरं, आणि उद्दालकाचं "स ह संपादयाञ्चकार" तिसरं. सगळ्या वर्गानं तिन्ही लिहिली, कारण मीच शिकवलं होतं तसं. गंगाखेडहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी होती, तिनं दोनच लिहिली. मी एक मार्क कापला.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणली, "सर, मीमांसां तर द्वितीया वाटू लालीय. मीमांसा केली, असं."

मी म्हणलं, "मग ईक्षाञ्चक्रे मधली ईक्षा पण द्वितीया का? ईक्षा नाम नाही का?"

वर्ग हसला. मला ते हसू आवडलं, खोटं कशाला सांगू. ती हसली नाही. म्हणली, "पण सर, मीमांसते आत्मनेपदी आहे. आमन्त असतं तर चक्रिरे पायजे होतं ना? तुम्हीच एधाञ्चक्रे च्या वेळी सांगितलं होतं."

मी काय म्हणलो असेन? "आर्ष प्रयोग आहे, उपनिषदात चालतं." संस्कृतच्या मास्तराला हे वाक्य खिशातल्या पेनासारखं असतं, केव्हाही काढावं. ती "बरं सर" म्हणून गेली, साडेपाचची गाडी होती तिची.

रात्री सूत्र काढून बसलो. आम्प्रत्ययवत्कृञोऽनुप्रयोगस्य, पहिला अध्याय, तिसरा पाद, त्रेसष्टावं. मूळ धातू आत्मनेपदी असेल तर मागं जोडलेला कृ पण आत्मनेपदीच चालतो. ईक्ष् आत्मनेपदी, म्हणून ईक्षाञ्चक्रे, ईक्षाञ्चकार नाही. मीमांस् आत्मनेपदी, म्हणजे अनेकवचनात मीमांसाञ्चक्रिरे. उपनिषदात आहे चक्रुः. म्हणजे तिथं कृ स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि मीमांसां हे त्याचं कर्म. संपादयाञ्चक्रुः ची गोष्ट वेगळी, संपादया नावाचं नामच नाही, ऱ्हस्व अ पण दिसतो, तिथं शंकेला जागा नाही. एकाच खंडात दोन ओळींच्या अंतरानं दोन्ही प्रकार शेजारी ठेवलेत, आणि मी दोन्ही एकाच टोपलीत टाकून वर मार्क कापला.

मार्क मी वाढवला नाही. याद्या वर गेल्या होत्या, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. गेल्या होत्या हे खरं आहे. पण वर्गात उभं राहून सांगायला यादी लागत नाही. पुढच्या वर्षी ती दुसरीकडं गेली, माझाही तास गेला.

तेव्हाचा मी आज समोर आला तर भांडेल, आणि अगदीच खोटं बोलेल असं नाही. तो म्हणेल, अरे, ही पदाची कसोटी फक्त कृ ला चालते, एधाम्बभूव, एधामास मध्ये धातू आत्मनेपदी असून बभूव आणि आस परस्मैपदीच आहेत. बरोबर. तो म्हणेल, व्हिटनीसारखे व्याकरणकार तर या आमन्ताला मुळात नामाची द्वितीयाच मानतात, मग नाम की धातू हे भांडण कशाला? आणि "जिज्ञासां चक्रे" आलं तर काय करशील? तिथं नाम घेतलं तरी चालतं, आमन्त घेतलं तरी चालतं. मी म्हणेन, मग कर्म बघ. "धर्मस्य जिज्ञासां" असेल तर नाम, "धर्मं जिज्ञासाञ्चक्रे" असेल तर धातू. तो म्हणेल, आणि कर्म "इति" लावून आख्खं वाक्यच असेल तर? त्या छांदोग्याच्या ओळीत तसंच आहे, "को न आत्मा किं ब्रह्मेति". यावर माझ्याकडं पद सोडून दुसरं काही नाही. आणि तो पुन्हा आर्ष प्रयोग म्हणालाच, तर त्याचं तोंड बंद करणारं उत्तर पण नाही.

हां, आणि दोन्ही तुकडे चिकटूनच येतील असंही धरू नका. रघुवंशात नवव्या सर्गात दशरथाचा बाण रेड्याच्या डोळ्यातून आरपार जातो तिथं "तं पातयां प्रथममास पपात पश्चात्" आहे, आधी त्याला पाडलं, मग स्वतः पडला. पातयाम् आणि आस च्या मध्ये प्रथमम् घुसलंय. तेराव्यात "प्रभ्रंशयां यो नहुषं चकार", मध्ये दोन शब्द. वैयाकरण यावर नाक मुरडतात, पण उताऱ्यात आलं तर तुम्हाला ओळखावं लागणारच. पातयां दिसलं, ऱ्हस्व अ दिसला, की पुढं आस, चकार कुठं लपलाय ते शोधत जायचं. शेवटाकडून सुरुवातीकडं नाही, सुरुवातीकडून शेवटाकडं.

यंदाच्या चाचणीला मी परत तोच भाग दिलाय. फक्त उतारा "ते ह संपादयाञ्चक्रुः" पासून सुरू केलाय, मीमांसां वाली ओळ वरून कापली. भित्रा म्हणा पायजे तर.