मगदूम कुटुंब बंगाली असतं तर

"मॅडम, माझ्या बंगाली मैत्रिणीच्या वडिलांनी त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं घर मृत्युपत्राने एकट्या मुलाला दिलं. आमच्याकडे मात्र बाबांना तसं करता येणार नाही म्हणतात. हिंदूंचा वारसा कायदा एकच आहे ना?"

दादरच्या माझ्या ऑफिसात हा प्रश्न आला की मी कोऱ्या कागदावर चोवीस चौकोन काढते. ते चौकोन आपल्या मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या एका खटल्यातले आहेत. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी कोर्टात चोवीसपैकी सात हिस्से मागितले. खालच्या कोर्टाने त्यांना एकच दिला.

सात आले कुठून? आपल्याकडे मिताक्षरा चालते. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या या टीकेचं म्हणणं असं, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. याला जन्मस्वत्ववाद म्हणतात. म्हणजे खंडाप्पा जिवंत असतानाच मिळकत त्यांची एकट्याची नव्हती. १९५६च्या कायद्याने सांगितलं, की माणूस वारला तर मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरा. त्या मानीव वाटणीत खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे असे चार वाटे होतात, प्रत्येकी सहा चौकोन. मग खंडाप्पांचे सहा चौकोन सहा वारसांना एकेक. हिराबाईंचे सहा अधिक एक, सात. मुलग्यांचेही सात-सात. हायकोर्टाने हिराबाईंचं म्हणणं मान्य केलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. पत्नीच्या बाजूने लागलेला तो फार मोठा निकाल आहे.

पण माझं बोट नेहमी मुलींच्या चौकोनांवर थांबतं. तिघींना एकेकच. माझ्या आत्यालाही तेवढाच तुकडा येत होता, आणि भावाशी वाईटपणा नको म्हणून तिने त्यावरही हक्कसोडपत्र करून दिलं. सही करताना तिचा हात थरथरत होता, ते मी पाहिलंय.

आता हेच कुटुंब बंगाली आहे असं धरा. बंगालात आणि आसामात जीमूतवाहनाचा दायभाग चालतो. त्याच्या मते बाप जिवंत असेपर्यंत मुलाला मिळकतीत काहीच नाही. हक्क बापाच्या मृत्यूनंतरच निर्माण होतो. हा उपरमस्वत्ववाद. त्यामुळे मानीव वाटणी करायचा प्रश्नच येत नाही. चोवीसच्या चोवीस चौकोन खंडाप्पांचे, आणि ते गेल्यावर सहा जणांना चार-चार. हिराबाईंचे सातावरून चार झाले असते, आणि मुलींचे एकावरून चार. (मुंबईत राहायला आलं म्हणून बंगाली कुटुंबाला मिताक्षरा लागू होत नाही, कुटुंबाची शाखा त्याच्यासोबत येते.)

आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. वडील २००५ साली हयात असायला हवेत का, हा वाद २०२० पर्यंत चालला. तशी गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने तेव्हा स्पष्ट केलं. आज मगदूमांचा हिशेब केला तर आई-वडील, दोन मुलगे, तीन मुली असे सात वाटे होतात. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत जातो आणि प्रत्येकाला बरोबर एक षष्ठांश मिळतो. बंगालात मिळाला असता तेवढाच!

मग तुमच्या मैत्रिणीला काहीच का मिळालं नाही? कारण वरचे सगळे हिशेब मृत्युपत्र नसतानाचे आहेत. मृत्युपत्राने माणसाला स्वतःचं तेवढंच देता येतं. मिताक्षरेतले खंडाप्पा आज फक्त आपला सातवा हिस्सा मुलाला देऊ शकतील, बाकीचे सहा आधीच इतरांचे आहेत. दायभागातले खंडाप्पा मात्र सगळी मिळकत देऊ शकतात, आणि मुलीला ते रोखता येत नाही. २००५च्या दुरुस्तीचा हा जन्मतः हक्क फक्त मिताक्षरेतल्या कुटुंबांसाठी आहे. बंगाली मुलीची ही उणीव मला मनापासून खुपते.

तुमच्या बाबांबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट ते हव्या त्या माणसाला देऊ शकतात, दोन्हीकडे. आजोबांची म्हणून आलेली प्रत्येक वस्तूही वडिलोपार्जित नसते: आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत १९५६ नंतर बाबांना वारसाने आली असेल, तर ती बाबांची स्वतंत्र मिळकत ठरते, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये म्हटलंय. म्हणून येताना जुने सातबारे, फेरफार आणि मूळ खरेदीखत आणा. आजोबा कधी गेले आणि त्यांच्याकडे ती मिळकत कशी आली, एवढं कळलं की चौकोन काढता येतील.