अठ्ठावीस फुटांचे एकोणीस

मी नाटकांचं चित्रीकरण करतो. प्रायोगिक, एकांकिका, अधूनमधून एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका छोट्या रंगमंचावर झालेला प्रयोग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतोय.

आमच्या धंद्यात तीन कॅमेरे लागले की तीन जातींचे येतात. एक आपला, एक मित्राचा, एक भाड्याचा. त्या दिवशी मधल्या वाइडला माझा सोनीचा ए-सेव्हन फोर होता. त्याचा सेन्सर फुलफ्रेम, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद. डावीकडे एपीएस-सी सेन्सरचा छोटा सोनी, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. उजवीकडे क्लोजअपला मायक्रो फोर थर्ड्सचा पॅनासॉनिक, फक्त १७.३ मिलिमीटर. लेन्सा मात्र माझ्या जुन्या कॅननच्या ईएफ माउंटच्या, कारण बारा वर्षांत त्यांच्यातच पैसे घातलेत. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्यावर लेन्स जोडायला मध्ये अडॅप्टर आलाच.

रंगमंचाची खेळायची रुंदी २६ फूट. माझी तिवई पहिल्या पायरीवर, रंगमंचापासून २२ फुटांवर, त्यामागे भिंत. मागे सरकायला जागाच नाही. असं असलं की मी एकच गणित करतो. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सचा आकडा. ३६ गुणिले २२ भागिले २८ केले की सव्वाअठ्ठावीस फूट येतात. म्हणजे २४-७० ची लेन्स २८ वर ठेवली की २६ फूट आरामात बसतात आणि दोन्ही बाजूंना हातभर मोकळं राहतं. डिग्री-बिग्रीच्या भानगडीत मी पडत नाही. नेपथ्यवाल्यांनी फळ्यांवर फुटाफुटाला पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या, त्यामुळे तालमीत ताळाही घेता आला. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच दिसले.

हे मुद्दाम सांगतोय, कारण 'क्रॉप सेन्सरवर पन्नासची लेन्स पंच्याहत्तरची होते' असं अजूनही सगळीकडे सर्रास शिकवलं जातं. लेन्स काही होत-बित नाही. ती तेवढंच गोल चित्र मागे टाकते, तुम्ही त्यातला मधला तुकडा घेता. नटाचं नाक आणि मागचा दरवाजा यांचं एकमेकांशी प्रमाण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, आणि मी तर भिंतीला टेकून उभा होतो.

नाटकात एक आजी आहे. डाव्या कडेला, विंगेला चिकटून बाजेवर बसलेली. पहिली पंचवीस मिनिटं तिला एकही वाक्य नाही. ती नुसत्या वाती वळते. ही भूमिका करणाऱ्या ताई सत्तरीच्या पुढच्या. तालमीत मी पाहिलं, घरातल्यांची भांडणं वाढली की त्यांच्या वाती जाड व्हायच्या. दिग्दर्शिकेला वाइड शॉट हवा होता तो याचसाठी. बाकीचे बोलत असताना ती कडेला दिसलीच पाहिजे.

सव्वासहाला दिग्दर्शिकेनं सांगितलं की सुपात धान्य पाखडायचा प्रसंग ट्रेलरसाठी स्लो मोशनमध्ये हवा. मी 'बरं' म्हणून साउंडवाल्याकडे गेलो, तो नेहमीप्रमाणे माझी केबल मागत होता. माझ्या असिस्टंट पोरानं तिन्ही कॅमेऱ्यांवर पंचवीसचं ४के ५०पी केलं, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रं. त्याचं काही चुकलं नाही. स्लो मोशनसाठी तेच करायचं असतं.

साडेसहाला परत आलो तर मॉनिटरवर वाइड शॉट आत आलेला. बाज अर्धी कापलेली. ताई अजून बसल्या नव्हत्या, पण बसल्यावर त्यांचा खांदा आणि हात तेवढा दिसणार हे उघड होतं. मला वाटलं कुणीतरी झूमला हात लावला. रिंग बघितली, २८ वरच होती. २४ ला नेली, चित्र थोडं उघडलं, तरी बाजेचे डावे पाय बाहेरच.

इथून माझं डोकं चुकीच्या गल्लीत शिरलं. सकाळी अडॅप्टरची अदलाबदल झाली होती, म्हणून मी अडॅप्टर धरून बसलो. बॅगेत तीन अडॅप्टर होते. त्यातल्या एकात काच आहे, लेन्सचं चित्र आक्रसून छोट्या सेन्सरवर टाकणारा ०.७१ चा रिड्यूसर. तो पॅनासॉनिकवर लावला की दोनचा क्रॉप १.४२ वर येतो आणि एक स्टॉप उजेडही जास्त मिळतो. तोच चुकून इकडे आला की काय? आता शांतपणे विचार करताना हसू येतं. एक तर त्याचं माउंट सोनीवर बसतच नाही. दुसरं, बसलं असतं तर चित्र रुंद झालं असतं, अरुंद नव्हे. आणि सोनीवर जो लावला होता ती निव्वळ पोकळ नळी. ईएफ लेन्सला सेन्सरपासून ४४ मिलिमीटर अंतर लागतं, सोनीचं माउंट १८ वर आहे, म्हणून मध्ये २६ मिलिमीटरची नळी. पोकळ नळी नीट मापाची असेल तर चित्राची रुंदी बदलू शकत नाही. हे मी वर्कशॉपमध्ये इतरांना शिकवतो.

काही अडॅप्टरमुळे कॅमेऱ्याला लेन्स क्रॉपची वाटते आणि तो आपणहून चित्र कापतो, हेही आठवलं. मेनूत तो पर्याय शोधला, चित्रात फरक पडला नाही. म्हणजे क्रॉप नाही, असा मी निष्कर्ष काढला. असिस्टंट दोनदा म्हणाला, "सर, पन्नास केल्यापासून तर नाही ना?" मी म्हणालो, "तू केबल बघ."

पावणेसातला मी तो अडॅप्टर काढून दुसरा, स्वस्तातला लावला. चित्र तसंच. मग खाली मान घालून फोकस केला. माझी सवय अशी की ७० ला झूम करून नटाच्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर फोकस धरायचा आणि मग मागे यायचं. फोटोच्या लेन्सकडून फोकस पक्का टिकण्याची अपेक्षा धरू नये, पण माझी ही लेन्स बऱ्यापैकी धरते. मागे आलो, २४ वर ठेवलं, घंटा झाली.

तेवीस मिनिटं तसंच चाललं. पहिल्या अंधारात मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. मॉनिटरवर अक्षरं येऊ नयेत म्हणून एचडीएमआयवरची माहिती आम्ही बंद ठेवतो, त्यामुळे इतका वेळ दिसलंच नव्हतं: 4K 50p. या कॅमेऱ्यात ४के ५०पी फक्त मधल्या सुपर-३५ भागातूनच मिळतं. ३३ मेगापिक्सेलचा पूर्ण सेन्सर सेकंदाला पन्नासदा वाचायला वेळ पुरत नाही, मग तो मधलाच भाग वाचतो. पंचवीसला पूर्ण रुंदी, पन्नासला दीड पट क्रॉप. माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. मला ते माहीतही होतं. चाचणीत स्वतः बघितलेलं.

त्याच अंधारात २५ वर आणलं, लेन्स २८ वर, आणि चित्र उघडलं. बाज पूर्ण आली. पाखडायचा प्रसंग डावीकडच्या कॅमेऱ्यानं हळू गतीत घेतला, कारण तिथे चौकट तशीही अरुंदच हवी होती.

घरी येऊन फुटेज मोठ्या पडद्यावर लावलं तर आणखी एक भूत निघालं. पहिली तेवीस मिनिटं नुसती कापलेली नव्हती, मऊही होती. सगळं चित्र सारखंच, जसा चष्म्यावर वाफेचा थर. व्हर्नियर काढलं. चांगला अडॅप्टर २५.९७, स्वस्तातला २५.८७. एक दशांश मिलिमीटर कमी. स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की जातो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण झूमचं काय होतं ते त्यांना कोण विचारतो! ७० ला फोकसची रिंग फिरवून ती चूक लपते. तीच रिंग तशीच ठेवून २४ ला आलात की रिंगेची ती दुरुस्ती तिथे फारच कमी पडते आणि दशांशातला बराचसा भाग तसाच उघडा राहतो. एफ-४ वर त्याचा डाग साधारण ०.०२ मिलिमीटर. चोवीस मिलिमीटर रुंदीत ४के चे ३८४० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६. डाग तीन-चार पिक्सेलभर पसरला. २४ वर पुन्हा फोकस केला असता तर काहीच झालं नसतं. अंधारात मी तो केला, सवयीनं, म्हणून पुढचं सगळं कडक आहे. म्हणजे नसलेला दोष काढायला मी असलेला दोष घालून ठेवला.

पण मला छळतं ते वेगळंच. उत्तर समोर फळीवर लिहिलेलं होतं. पांढऱ्या खुणा. मी त्या मोजल्या असत्या, रिंग २८ वर असताना, तर अठ्ठावीसच्या जागी एकोणीस दिसले असते. २८ भागिले १९, जवळजवळ दीड. झूमला धक्का लागून बरोबर दीड पट होत नाही आणि पोकळ नळीनं तर कधीच होत नाही. दीड आला की सेन्सरचा तुकडा वापरला जातोय, एवढं मोजलं की अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. आणि ज्यानं बटण दाबलं होतं तो पोरगा शेजारीच केबल बघत होता.

प्रयोगानंतर मी तिवई गुंडाळत होतो तेव्हा ताई मेकअप पुसत आल्या.

"काय रे, दिसले ना मी नीट? त्या कोपऱ्यात बसवलंय मला."

"दिसलात ना ताई."

"वाती दिसल्या?"

"दिसल्या."

शनिवारी एडिट द्यायचं आहे. पहिल्या तेवीस मिनिटांसाठी डावीकडच्या कॅमेऱ्यात त्या चार वेळा येतात, एकदा पाठमोऱ्या. उजवीकडच्या क्लोजअपमध्ये एकदा हात आहेत, सोळा सेकंद, फोकस कडक, वात जाड होताना दिसते. तो तुकडा मी तिसऱ्या मिनिटाला ठेवलाय. मग अकराव्याला नेऊन बघितला, भांडण तिथे वाढतं. आता परत तिसऱ्याला आणलाय.