आमची वाटचाल: ‘बॅटरीवाले’ हे नाव कसं पडलं

बेळगावात आमच्या दुकानाचं नाव काढलं की अजूनही एखादा म्हणतो, “कोण, ते बॅटरीवाले होय?” बॅटरी आम्ही सुटी विकत नाही. आम्ही ऑफिसातून निघालेले बिझनेस लॅपटॉप आणतो, उघडतो, दुरुस्त करतो आणि वॉरंटीसकट विकतो. हे टोपणनाव आम्हाला २०१९ च्या ऑगस्टात मिळालं. देणाऱ्यानं ते चिडवायला दिलं होतं.

दुकान २०१२ सालचं. बेळगावातल्याच शहापुरात दहा बाय बाराचा गाळा, एक टेबल, आणि टेबलामागं आमचे मेस्त्री. त्यांना आम्ही काका म्हणतो. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेली, हातात कायम सोल्डरिंगची कावी. भांडवल माझं, हात त्यांचे, नफा निम्मा-निम्मा. लिहून काहीच घेतलं नव्हतं. पहिली सहा-सात वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती आमची पहिली मोठी परीक्षक. कोर्टाच्या आवाराजवळ टायपिंग करणारी अक्का २०१३ साली आली. बॉण्ड, करारपत्रं, अर्ज. मराठीत, इंग्रजीत, आणि नुडी या सॉफ्टवेअरवर कन्नडात. दिवसभर बोटं चालू. मी तिच्यापुढं मशीन ठेवून प्रोसेसर, रॅम असं सांगायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. नोटपॅड उघडायला लावलं, माझ्याकडं बघत बघतच पाच ओळी टाइप केल्या आणि म्हणाली, “ह्याचं एन दोनदा उठतंय ओ. आणि अ‍ॅटची खूण दुसरीकडंच गेलीय.”

दोन्ही खरं होतं. तो लॉट इंग्लंडातल्या ऑफिसचा होता. त्या कीबोर्डात एंटर उभा असतो, ३ वर पाउंडाची खूण असते, आणि @ व अवतरणचिन्ह यांनी जागा बदललेल्या असतात. घरी बसून चार मेल लिहिणाऱ्याला ते चालून जातं, अक्काला कसं चालावं? काकांनी पंधरा मिनिटांत कीबोर्ड बदलून दिला. तिथंच मला कळलं की आपण विकतो त्या मालात आणि मॉलमधल्या मालात फरक कुठं आहे. चांगल्या बिझनेस मशीनचा कीबोर्ड खालून दोन-चार स्क्रू काढले की वर सरकून निघतो. घरगुती स्वस्त मॉडेलात तोच कीबोर्ड वरच्या कव्हराला प्लॅस्टिक वितळवून चिकटवलेला असतो. एक बटन गेलं तरी अख्खं कव्हर बदला, नाहीतर बारीक बारीक वितळलेले ठिपके तासत बसा. शिवाय एकाच कंपनीनं एका वेळी हजारो सारखी मशीन घेतलेली असतात, त्यामुळं मेलेल्या मशीनचे भाग जिवंताला लागतात. अक्काचं ते पहिलं मशीन २०२१ पर्यंत चाललं. आठ वर्षांत कीबोर्ड एकदा, बॅटरी दोनदा बदलली, बिजागरीला हातही लावावा लागला नाही.

कीबोर्ड बघताना एक गोष्ट सांगून ठेवतो, कुणी विचारली नसली तरी. चकाकलेल्या बटनांना घाबरू नका, ती नुसती बोटांनी घासलेली असतात. एकच बटन मेलं असेल तर बहुधा खाली कचरा असतो किंवा त्याचं रबर गेलेलं असतं. पण तीन-चार बटनं, तीही लांब लांबची, एकदमच बंद असतील तर हात मागं घ्या. बटनांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि एक तार बऱ्याच बटनांना लागून जाते. ती तुटली म्हणजे आत चहा गेलाय. कीबोर्ड बदलेलही, पण तोच चहा मदरबोर्डावर किती उतरलाय हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

आता टोपणनावाला कारण झालेला तो लॉट. २०१९ च्या मे महिन्यात बेंगळूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून ३० मशीन उचलली, प्रत्येकी १४,५०० रुपयांना. म्हणजे ४,३५,००० रुपये, त्यातले तीन लाख सौहार्द सहकारी संस्थेचं कर्ज. माल बघून काका खूश झाले. कीबोर्ड कोरे, पोर्ट घट्ट, कव्हरला ओरखडा नाही. अशी मशीन ऑफिसात चार वर्षं डॉकवर, म्हणजे टेबलावरच्या जोडणीच्या ठोकळ्यावर, बसून असतात, मालक बाहेरचा कीबोर्ड आणि बाहेरचा स्क्रीन वापरतो. त्यांचं सगळं नवं राहतं, फक्त बॅटरी राहत नाही. सदासर्वकाळ चार्जरवर शंभर टक्के भरलेली आणि गरम असलेली लिथियमची बॅटरी न वापरताच म्हातारी होते. तिचे सायकल, म्हणजे भरून रिकामं व्हायच्या फेऱ्या, मोजले तर पन्नास-साठ, आणि ताकद मात्र साठ-सत्तर टक्के.

म्हणून आम्ही पहिल्यापासून रिपोर्ट काढतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर एवढंच टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, ब्राउझरात उघडते. तिथं DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी जन्मली तेव्हाची ताकद, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची, आणि बहुतेक मशीनवर खाली CYCLE COUNT. त्या लॉटमध्ये तिसांपैकी तीसही बॅटऱ्यांची मूळ ताकद ५० वॅट-अवर, आजची ४९.६, आणि सायकल ३. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मशीन चार वर्षांचं आणि बॅटरी तीनदाच वापरलेली? पण चांगली बातमी कोण तपासतो? जून-जुलैत ११ विकली, त्यातली बरीच खानापूर आणि निपाणीकडं गेली.

ऑगस्टात पूर आला. खानापूर भागात तर लाईट तासन् तास नाही. आणि फोन सुरू झाले. खानापूरचे एक सर म्हणाले, “स्क्रीनवर साठाच्या वर टक्के दाखवतंय आणि फटकन बंद पडलं.” दुसरा, तिसरा, तेच.

दुकानात उरलेल्या १९ पैकी एक घेऊन बसलो. पूर्ण चार्ज केलं, स्क्रीन अर्धी उजळ ठेवली, एक व्हिडिओ फिरता ठेवला. अशा कामाला ते मशीन साधारण ९ वॅट ओढतं, म्हणजे ५० वॅट-अवरची बॅटरी साडेपाच तास चालायला हवी. १ तास ५० मिनिटांनी मशीन विझलं, आणि विझताना ६७ टक्के दाखवत होतं. हिशेब घातला तर बॅटरीनं फक्त साडेसोळा वॅट-अवर दिले होते, म्हणजे सांगितल्याचा एक तृतीयांश.

काकांनी बॅटरी पक्कडीनं उघडली (हे घरी करू नका, लिथियमचा सेल फुटला तर विझवायला पाणी शोधत बसाल). वरचं आवरण अस्सल, आत मिळालेले सेल दुसऱ्याच कुणाचे. बॅटरीत एक छोटी चिप असते, ती आत-बाहेर जाणारा करंट मोजते आणि टक्का सांगते. मूळ सेल काढून तिथं थकलेले सेल भरले, आणि चिपची जुनी नोंद पुसून ‘नवी’ लिहिली. चिप बिचारी इमानदारीनं मोजत होती: पन्नासातले साडेसोळा गेले, ६७ टक्के उरले. पण सेल मालिकेत जोडलेले असतात. त्यातला सगळ्यात अशक्त सेल खालच्या व्होल्टेजला टेकला की संरक्षण सर्किट पुरवठाच तोडतं, टक्का काही का असेना.

माझं आजही म्हणणं आहे की मी बरोबर केलं. ११ ही गिऱ्हाइकांना फोन करून खरं सांगितलं आणि नव्या बॅटऱ्या कबूल केल्या, २,८०० रुपयांची एक. दुकानातली १९ धरून तिसांचे ८४,००० रुपये झाले. त्या मुंबईहून निघाल्या आणि पुणे-बेंगळूर हायवे पुरानं बंद पडल्यावर कोल्हापूरच्या अलीकडं अडकल्या. इकडं सौहार्दचा हप्ता. बेंगळूरचा व्यापारी फोन उचलेना.

आणि पलीकडच्या गल्लीतले एक दुकानदार! त्यांनीही त्याच व्यापाऱ्याकडून त्याच मालातली मशीन आणली होती, हे मी बिलाशिवाय सांगू शकतो, कारण त्यातली दोन पुढं माझ्याकडंच दुरुस्तीला आली. त्यांच्या मशीनवर ‘बॅटरी १०० टक्के’ असं पिवळं लेबल होतं. तक्रार आली की ते म्हणायचे, “लाईटचा दाब कमी-जास्त होतोय, बॅटरी काय करणार?” आणि आमच्याबद्दल, “ते बॅटरीवाले स्वतःच कबूल करतायत त्यांचा माल खराब आहे.” दोन महिने आमच्याकडं चिटपाखरू नाही. काकांनी आपला हिस्सा घेतला नाही, वर स्वतःचे चाळीस हजार घातले. हे कुणाला माहीत नाही, म्हणून इथं लिहिलं.

तेव्हापासून नुसत्या रिपोर्टवर आमच्याकडं मशीन पास होत नाही. एक तास चार्जर काढून चालवायचं आणि किती टक्के उतरले ते बघायचं. वरच्या हिशेबानं तासाला अठरा-वीस टक्के उतरायला हवेत, आणि उतार सरळ हवा. नुसता तास पुरला नाही असं वाटलं तर शेवटपर्यंत चालवतो, कारण बनावट बॅटरी पहिला तास सभ्यपणे वागते. टचपॅडचं बटन दाबताना कडक लागलं किंवा खालचं कव्हर टेबलावर डुललं, तर बॅटरी फुगलीय. तिथं भाव करत बसू नये.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाल्या आणि धंदा सावरला. तेव्हा जे आले ते बहुतेक अक्कानं पाठवलेले. २०२१ मध्ये तिनं स्वतः आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं मशीन घेतलं. त्या वर्षी विंडोज ११ आलं आणि आठव्याच्या खालचं जवळजवळ कुठलंच इंटेल त्यात अधिकृतपणे बसेना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधारही संपला. सातव्या पिढीची नऊ धडधाकट मशीन माझ्या फळीवर आहेत, कीबोर्ड-पोर्ट सगळं ठणठणीत. लिनक्स घालून देतो म्हटलं तर गिऱ्हाईक टॅली कशी चालणार म्हणतं.

गेल्या गुरुवारी अक्का आली. चार्जर हलवल्याशिवाय चार्ज होत नाही म्हणाली. टाइप-सीचं पोर्ट ढिलं झालं की पहिल्यांदा चार्जरची पिन उलटी करून बघायची. पोर्टात ओळख पटवायच्या दोन पिना असतात, एकेका बाजूची एकेक. एका बाजूनं चार्ज होतं आणि दुसऱ्या बाजूनं नाही, तर त्यातली एक झिजलीय आणि काकांची कावी तापवावी लागते. अक्काचं दोन्ही बाजूंनी तसंच होतं, आणि पिन शेवटपर्यंत आत जातच नव्हती. काकांनी मशीन बंद केलं, भिंगाचा दिवा ओढला, दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि आतून मसुराएवढा दाबून बसलेला पिशवीचा कापूस काढला. पिन टक्कन बसली.

“किती झाले?” अक्कानं पर्स उघडत विचारलं.

काकांनी काडीची डबी तिच्यापुढं सरकवली. “दोन काड्या घेऊन जा,” म्हणाले, “पावसाळ्यात परत लागतील.”