जायची वाट वेगळी, यायची वाट वेगळी

लातूरच्या एका रुग्णालयात मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पहिली पाळी सकाळी 7 वाजता लागते. औसा रोडच्या पलीकडच्या एका गावातून एक मामा सोमवार-गुरुवार येतात, वय 61. एप्रिलमधल्या एका गुरुवारी ते 8 वाजता मशीनवर लागले. त्या महिन्यातली ही तिसरी खेप होती उशिराची.

वजन केलं तर 58.9 किलो. त्यांचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं, 56 किलो. 2.9 लिटर पाणी काढायचं होतं. चार तास मिळाले असते तर तासाला सव्वासातशे मिलि निघालं असतं. दर किलो वजनामागे तासाला 13 मिलि ही मर्यादा आम्ही पाळतो, त्यात ते जेमतेम बसतं. पण 11 वाजता मशीन धुवायला घ्यावं लागतं, साडेअकराचा पेशंट बाहेर येऊन बसलेला असतो. मामांना तीनच तास मिळणार होते. पाणी कमी काढावं तर चालताना दम लागेल, आणि पुढची पाळी थेट सोमवारी. सगळं काढावं तर तासाला जवळजवळ हजार मिलि. मामा म्हणाले, "काढा म्याडम सगळं, रातच्याला आडवं होता येईना." मी सगळं काढलं.

सुया काढल्या, दहा मिनिटं दाब दिला, झोपून बीपी घेतला तो 116 आला. शेजारच्या मशीनचा अलार्म वाजत होता म्हणून उभं करून बीपी घ्यायचा राहिला. दोन मिनिटांनी जिन्यातून मामींची हाक आली. मामा मधल्या वळणावर बसले होते. डोळ्यापुढं अंधारी आली तसा त्यांनी कठडा धरला होता, तोही डाव्या हातानं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडून घेतलेली रक्तवाहिनी, त्याच हाताला. झटका बसून वरच्या सुईचं छिद्र उघडलं होतं आणि सदऱ्याची बाही कोपरापासून मनगटापर्यंत लाल झाली होती. छिद्रावर दोन बोटं ठेवून मी पायरीवरच पंधरा मिनिटं बसले. असं रक्त आलं की घट्ट फडकं बांधायचा मोह होतो, पण त्यानं फिस्टुलाच बंद पडू शकतो. रक्त थांबावं, पण बोटाखालची थरथर चालू राहावी, एवढाच दाब. थरथर लागत होती. बसल्या बसल्या बीपी घेतला तर 84.

त्यांना परत वर आणून निजवलं, पायाखाली उशी दिली, आणि मग विचारलं, "मामा, घरातून निघल्यापासून सांगा. एकूण एक."

5 वाजून 50 मिनिटांची बस फाट्यावरून. ती 6 वाजून 40 मिनिटांनी स्टँडवर. तिथं शेअर रिक्षा भरायची वाट बघायची. ती चौकात सोडणार, आत येणार नाही. तिथून गेट, गेटच्या पायऱ्या, आणि मग 44 पायऱ्यांचा जिना, कारण मुख्य लिफ्टचा माणूस 8 वाजता येतो. मामा दर वळणावर थांबत चढत. मी विचारलं, "बस तर राजीव गांधी चौकावरूनच येते ना? तिथं का उतरत नाही?" मामी म्हणाल्या, "तिकीट स्टँडचं असतंय की. आन् तिथं गाडी थांबंल का न्हाई, कोण इचारणार?"

म्हणजे बस त्यांना दवाखान्याजवळून पुढं नेत होती आणि रिक्षा त्यांना मागं आणत होती. यात तास जात होता. तोच तास मशीनवरून कापला जात होता, आणि त्याचीच चक्कर जिन्यात येत होती.

सोमवारी सकाळी मी चौकात जाऊन उभी राहिले. मामींनी वाहकाला आधी सांगून ठेवलं होतं. साधी बस होती, 6 वाजून 25 मिनिटांनी थांबली. औशाकडून येताना दवाखाना डाव्याच हाताला लागतो, त्यामुळं रस्ता ओलांडायचा प्रश्नच नाही. मुख्य गेट सोडून आम्ही अपघात विभागाच्या दारानं आत गेलो. तिथं स्ट्रेचरसाठी उतार आहे आणि स्ट्रेचरची लिफ्ट रात्रंदिवस चालू असते. रखवालदारानं अडवलं, "ही पेशंटची लिफ्ट हाय." मी म्हटलं, "दादा, हे पेशंटच आहेत. चालत आले म्हणून काय झालं?" त्यानं सोडलं, पण उद्या दुसरा रखवालदार असेल म्हणून मी इन्चार्ज सिस्टरांकडून मामांच्या डायलिसिस कार्डावर लिहून घेतलं: स्ट्रेचर लिफ्टने सोडावे. खाली सही, शिक्का. 6 वाजून 45 मिनिटांनी मामा वजनकाट्यावर होते.

परतीला मी चुकले असते. माझ्या डोक्यात होतं की जसे आले तसेच चौकातून बसतील. मामींबरोबर जाऊन बघितलं तेव्हा कळलं की ते जमणार नाही. औशाकडं जाणारी बस पलीकडच्या बाजूला मिळते. मध्ये दुभाजक, त्यावर गुडघ्यापर्यंत पाय उचलावा लागतो. ऊन डोक्यावर. बस स्टँडवरूनच भरून येते, म्हणजे दांडी धरून उभं राहायचं. सकाळी मामांच्या अंगात पाणी असतं, तेव्हा त्यांना चालणं आणि चढणं सोसत नाही. दुपारी पाणी निघालेलं असतं, तेव्हा उभं राहणं सोसत नाही. बसून थांबायला मात्र काही होत नाही. म्हणून परतीला रिक्षा करून उलटं स्टँडवर जायचं ठरलं. लांब पडतं, पण बस तिथून सुटते आणि जागा मिळते. डाव्या रांगेत खिडकीशी बसायचं, म्हणजे फिस्टुलाचा हात खिडकीकडं राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीचा धक्का लागत नाही.

फाट्याची बस अर्ध्या तासाला आहे, पण फाट्यापासून घर पंधरा मिनिटं पायी, तेही उन्हात. पाऊण वाजताची मात्र थेट गावात जाते. तोवर मामा आमच्या विभागाबाहेर पंख्याखाली बसतात. त्याचा मला फायदाच होतो. सुया काढून अर्धा तास झाला की मी त्यांना उभं करते, एक मिनिट थांबते आणि बीपी घेते. 100 च्या खाली आला तर परत बसायचं. त्या सोमवारी चार तास पूर्ण झाले होते, उभ्यानं 112 आला.

मे महिन्यात ही घडी मोडली. शाळेला सुट्टी लागली तशी गावात जाणारी फेरी बंद झाली. पहिल्या दिवशी मामांना ते स्टँडवर गेल्यावर कळलं. आता मामी आदल्या दिवशीच चौकशी करतात. फेरी नसेल तर पुतण्या फाट्यावर मोटारसायकल घेऊन येतो. मामा मध्ये, मामी मागून धरून. तिघं बसणं मला पटत नाही, पण डायलिसिसनंतर नुसतं मागं बसवून सोडणं त्याहून वाईट. गावातल्या एका रिक्षावाल्याशी बोलणं चालू आहे, तो सोमवार-गुरुवार फाट्यावर थांबायला तयार होईल असं दिसतंय.

कार्डावरची ती ओळ घामानं पुसट होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती गिरवते आणि सिस्टरांकडून नवा शिक्का मारून घेते.