अर्धा नफा बायकोचा: फोंड्यातल्या घराचं छप्पर आणि म्युच्युअल फंडावरचा कर

"तुमचं लग्न गोव्यातच नोंदवलंय ना?" आमच्या सीए बाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला त्याचा माझ्या म्युच्युअल फंडाशी काय संबंध, ते कळेना. फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. फोंड्यातल्या आमच्या जुन्या घराचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि पावसाच्या आत छप्पर उतरवून नवं घालायचं होतं. मिस्त्रीने अंदाज दिला साडेनऊ लाखांचा. साधारण अर्धे पैसे काम सुरू करताना, बाकीचे एप्रिलच्या मध्यावर.

पैसे होते ते एका इंडेक्स फंडात. एप्रिल २०१९ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला दहा हजारांची एसआयपी, सगळी माझ्या पॅनवर. मी हिशोब करून गेलो होतो तो असा. वर्ष उलटून गेलेले हप्ते ५९, म्हणजे घातलेले पैसे ५,९०,०००. त्यांची किंमत साधारण ९,६०,०००. नफा ३,७०,०००. इक्विटी फंडाचं युनिट बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकलं की नफा दीर्घकालीन धरतात. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण एका आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर काही नाही. उरलेल्या २,४५,००० वर ३०,६२५ आणि वर चार टक्के सेस, एकूण ३१,८५०. शेवटच्या बारा महिन्यांच्या हप्त्यांना मी हात लावणार नव्हतो. त्यांवर नफा झाला असता तर वीस टक्के गेले असते. शिवाय युनिटं विकताना जुनी आधी सुटतात, त्यामुळे ते हप्ते आपोआपच मागे राहणार होते.

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि आयकर कायद्यातलं कलम ५ए समजावलं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतली समाईक मालमत्तेची पद्धत लग्नाला लागू असते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघांची मालमत्ता एकत्र मानली जाते. आयकर कायदा हे मान्य करतो. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, मग ते कुणाच्याही नावावर असो, निम्मं निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. भांडवली नफाही त्यातच आला. म्हणजे माझ्या नावावरच्या फंडाचा अर्धा नफा कायद्याने माझ्या बायकोचा, आणि सव्वा लाखाची सूट दोघांना वेगवेगळी.

वेर्ण्याच्या कारखान्यात वीस वर्षं नोकरी करून मला हे ठाऊक नव्हतं. आणि यात सोयीचं तेवढं उचलता येत नाही, हेही बाईंनी बजावलं. मुदत ठेवींचं व्याज, खोलीचं भाडं, तिच्या नावावरच्या ठेवीसुद्धा, सगळ्याचं निम्मं व्हायला हवं. लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडची आणि करार नाही, याची खात्री करूनच पुढे जायचं ठरलं.

हिशोब बदलला. ३,७०,००० चे १,८५,००० दोघांना. सूट गेल्यावर ६०,००० उरले. माझा कर ७,५०० आणि सेस ३००. हिला पगार नाही, व्याजाचा वाटा थोडाच. निवासी व्यक्तीची मूळ करमुक्त मर्यादा दुसऱ्या उत्पन्नाने भरली नसेल तर उरलेली जागा या नफ्याला वापरता येते. म्हणून तिचा कर शून्य. एकतीस हजारांवरून आम्ही ७,८०० वर आलो, तेही एक दिवससुद्धा न थांबता.

राहिलेले ७,८०० वाचवायचे तर विक्री दोन आर्थिक वर्षांत वाटायची होती. मिस्त्रीला पैसे दोनदाच द्यायचे होते, म्हणून ते जमण्यासारखं होतं. आधी वाटलं, निम्मे पैसे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये काढले की झालं. पण जुन्या हप्त्यांत नफ्याचं प्रमाण जास्त असतं. २०१९-२० मधली युनिटं दुपटीच्या वर गेली होती, २०२३ मधली फार वाढली नव्हती. म्हणून रकमेवर न जाता नफ्यावर गेलो. फंडाचं व्यवहारांचं स्टेटमेंट काढून एकेक हप्ता वहीत लिहिला, तारीख, युनिटं, खरेदीचा भाव, आजचा भाव, आणि वरून खाली नफ्याची बेरीज करत गेलो. एकोणीस हप्त्यांवर, म्हणजे ऑक्टोबर २०२० पर्यंत, १,९०,००० चे ४,३०,००० झाले होते आणि नफा २,४०,००० वर आला होता. दोघांची मिळून मर्यादा अडीच लाख. विक्रीचा भाव अर्ज टाकल्यावर दिवसअखेरीस ठरतो, म्हणून दहा हजारांची जागा सोडली. अर्जातही रुपये न टाकता त्या एकोणीस हप्त्यांची युनिटं मोजून टाकली. त्यामुळे खरेदीची किंमत नक्की राहिली.

तारखेत मात्र चुकणार होतो. ३१ मार्चपर्यंत वेळ आहे असं धरून बसलो होतो. ३१ मार्च सोमवार, ईदची सुट्टी, बाजार बंद. त्या दिवशी अर्ज टाकला असता तर भाव १ एप्रिलचा लागला असता आणि विक्री पुढच्या वर्षात गेली असती. शेवटचा खरा दिवस होता शुक्रवार २८ मार्च, दुपारी तीनच्या आत. आम्ही २६ लाच टाकला.

दुसरी खेप, उरलेले चाळीस हप्ते, २ एप्रिलला विकली. ४,००,००० चे ५,३०,००० आले. नफा १,३०,०००, प्रत्येकी ६५,०००, नव्या आर्थिक वर्षातल्या सुटीत सहज बसला. पाच दिवसांनी, सोमवारी ७ एप्रिलला निफ्टी एका दिवसात सव्वातीन टक्के पडला. ५,३०,००० वर तेवढी घट म्हणजे जवळजवळ सतरा हजार. ७,८०० वाचवण्यासाठी मी पाच लाखांहून जास्त रक्कम आठवडाभर बाजारात ठेवली होती. मिस्त्रीला पैसे एकदमच द्यायचे असते तर ही वाट मी धरली नसती.

विवरणपत्र भरताना एक गाठ सोडवावी लागली. त्या वर्षीपासून सव्वा लाखापर्यंतचा असा नफा आयटीआर-१ मध्ये चालू लागला होता, पण कलम ५ए खाली उत्पन्न वाटायचं असेल तर तो फॉर्म चालत नाही. दोघांनीही आयटीआर-२ भरलं. Schedule 5A मध्ये एकमेकांचं नाव, पॅन आणि कोणत्या सदरातलं किती उत्पन्न जोडीदाराकडे गेलं ते लिहिलं. बाईंनी विक्री, खरेदी आणि नफा तिन्ही निम्मे करून दोघांत दाखवले, प्रत्येकी २,१५,०००, ९५,००० आणि १,२०,०००. माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या व्यवहारांच्या वार्षिक नोंदीत, मात्र पूर्ण ४,३०,००० ची विक्री दिसत होती, हिच्यात काहीच नाही. तिथे त्या नोंदीवर Information relates to other PAN/Year हा पर्याय निवडून निम्मी रक्कम हिच्या पॅनवर दाखवली. हिला कर नसला तरी तिचं विवरणपत्र भरलंच. माझ्यातून वजा झालेला अर्धा नफा कुठेतरी दिसायला हवा होता.

सप्टेंबरात दोघांची विवरणपत्रं गेली. तोवर नव्या छपरावरून अख्खा पाऊस वाहून गेला होता.