तारलीची रेघ कुठे गेली?

«बांगड्याच्या अंगावर रेघ दिसते, तारलीच्या अंगावर दिसत नाही. मग तारलीचा एवढा दाट थवा एकमेकांवर न आपटता पोहतो कसा?»

तारलीलाही ती रेघ आहे, पण धडावर नाही, डोक्यावर. बाजारातून एक बांगडा आणि एक तारली आणा, धुवा आणि तिरप्या उजेडात शेजारी शेजारी धरा. बांगड्याच्या कल्ल्यामागून शेपटीपर्यंत, पाठीच्या वळणाने, एक बारीक रेघ गेलेली दिसेल. हीच पार्श्वरेषा. ती नुसती नक्षी नाही. कातडीखालून एक नळी गेलेली असते आणि ती बारीक भोकांनी बाहेरच्या पाण्याला उघडी असते. तारलीचं धड मात्र कोरं. तिच्या डोळ्याभोवती आणि कल्ल्याच्या झाकणावर कातडीखाली पाहा: पानाच्या शिरांसारखे फाटे फुटलेल्या नळ्या असतात. झाकण खरवडलं गेलेलं असेल तर त्या दिसणार नाहीत, म्हणून मासळी ताजी आणि न चेंगरलेली घ्या. माथ्यावरच्या उभ्या रेघा हाडाच्या असतात, त्यांना या नळ्या समजू नका.

नळीत ठरावीक अंतरावर पेशींचे पुंजके बसलेले असतात. प्रत्येक पेशीला केसासारखे तंतू आणि सगळ्या पुंजक्यावर जेलीसारखी मऊ टोपी. पाणी हललं की टोपी कलते, तंतू वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूकडे इशारा जातो. निम्म्या पेशी एका दिशेला वाकल्या की जागतात, निम्म्या उलट्या दिशेला, त्यामुळे पाणी कुठून कुठे गेलं तेही कळतं. असेच पुंजके उघड्या कातडीवरही असतात. मग नळीची गरज काय? मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. भरती-ओहोटीचं पाणी एकसारखं वाहत असतं, तेव्हा शेजारशेजारच्या दोन भोकांवर दाब जवळपास सारखाच असतो आणि नळीतलं पाणी हलत नाही. शेजारच्या माशाने शेपटी मारली की एका भोकावर दाब वाढतो, पुढच्यावर कमी असतो, आणि नळीतलं पाणी सरकतं. म्हणजे ओढीच्या पाण्यातूनही शेजाऱ्याची हालचाल वेगळी निघते. तारलीच्या नळ्या तर कानाजवळ एका पातळ पडद्याने वाताशयाच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, हवेशी जोडलेल्या असतात, म्हणून दाबातला फरक तिला त्या वाटेनेही पोचतो.

पण ही जाणीव लांबची नाही. साधारण एक-दोन माशांच्या लांबीइतकाच तिचा पल्ला. 15 सेंटीमीटरची तारली धरली तर 15 ते 30 सेंटीमीटर. कारण सरळ आहे: शेपटीने ढवळलेल्या पाण्याचा वेग अंतराच्या घनाने उतरतो. 10 सेंटीमीटरवर जेवढा जोर, त्याचा 20 सेंटीमीटरवर आठवा हिस्सा आणि 30 वर सत्ताविसावा. म्हणून थव्याला कोणी म्होरक्या लागत नाही. प्रत्येक मासा जवळच्या दोन-चार शेजाऱ्यांना धरून असतो, आणि एका टोकाची दचक शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात दुसऱ्या टोकाला पोचते.

डोळे आणि पार्श्वरेषा यांत काम कसं वाटलेलं आहे, हे सेथ नावाच्या उत्तर अटलांटिकमधल्या माशावर तपासलं गेलं. 1976 साली पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या संशोधकांनी माशांच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणं बसवली. न दिसणारा मासाही थव्याबरोबर पोहत राहिला, फक्त शेजाऱ्यापासून जरा लांब. पुढच्या प्रयोगात कल्ल्यामागे पार्श्वरेषेची नस तोडली, तेव्हा मासे थव्यात टिकले पण एकमेकांच्या जास्त जवळ आले. दोन्ही एकदम काढल्यावर मात्र थवा जमेना. डोळे माशांना जवळ ओढतात, पार्श्वरेषा योग्य अंतरावर थोपवते, असा त्याचा अर्थ लावतात.

इथे एक गफलत नेहमी होते. त्यावरून ‘डोळे असले की पार्श्वरेषा नसली तरी चालते’ असं म्हटलं जातं. ते बरोबर नाही. कल्ल्यामागे नस तोडली तर धडाची जाणीव जाते, डोक्याची शाबूत राहते. 2010 साली लाल डोक्याच्या टेट्रा माशांना औषध देऊन डोक्यासकट सगळ्या पुंजक्यांतल्या पेशी निकामी केल्या. डोळे चांगले असूनही त्यांचा थवा नीट राहिला नाही. एकट्या डोक्यावरची जाणीव किती कामाची आहे याचा अंदाज यातून येतो, आणि तारलीचं तर सारं त्यावरच चालतं.

रात्री डोळ्यांचा आधार कमी झाला की तारलीसारख्या माशांचे थवे सैल होतात, अंतरं वाढतात. पार्श्वरेषा टक्कर टाळते, पण अर्ध्या मीटरवर गेलेल्या सोबत्याला परत शोधून आणणं तिच्या आवाक्यात नसतं. ते काम उजाडल्यावर डोळे करतात.